९० दिवसांत नवे केस, नाही तर पैसे परत

प्रश्न : जूनमध्ये डेंग्यू झाला आणि नंतर केस मूठमूठ जायला लागले. म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये एका कंपनीच्या वेबसाइटवरून कांद्याचं तेल आणि ग्रोथ सीरम असे तीन किट ५,३९७ रुपयांना घेतले. ‘क्लिनिकली सिद्ध, ९० दिवसांत नवे केस, नाही तर पूर्ण पैसे परत’ अशी जाहिरात होती. पाच महिने नेमाने लावलं, भांग तसाच रुंद आहे. पैसे मागितले तर म्हणतात, दर आठवड्याचे फोटो दाखवा, आहार पाळला का ते सांगा, आणि वाद घालायचा तर गुरुग्रामच्या कोर्टात या. मध्येच केस जास्त गळले तेव्हा त्यांच्याच माणसाने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, ‘चांगलं लक्षण आहे, जुने जाऊन नवे येतात.’ काही करता येईल का? – एक वाचक, संगमनेर

उत्तर : ताई, करता येईल, आणि गुरुग्रामला जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. तुमच्यासाठी तो अहिल्यानगरचा जिल्हा ग्राहक आयोग. वेबसाइटच्या अटींत दुसऱ्या शहराचं नाव असलं म्हणून हा हक्क जात नाही. मात्र तक्रार कोणत्या मुद्द्यावर उभी करायची, ते आधी नीट ठरवा. निम्म्या तक्रारी तिथेच घसरतात.

‘माझे केस उगवले नाहीत’ हा तुमचा मुख्य मुद्दा करू नका. तसं केलंत तर कंपनीचा वकील पहिलाच प्रश्न विचारेल की केस कशाने गळत होते, थायरॉइड तपासलं का, हिमोग्लोबिन किती होतं. मग सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं. मुद्दा असा मांडा : ‘तुम्ही ९० दिवसांची हमी दिलीत, ती कोणत्या चाचणीवर?’ कलम २(४७) प्रमाणे पुरेशी आणि योग्य चाचणी न करता मालाच्या गुणाची हमी देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि चाचणी केली होती असा बचाव घेतला, तर ती सिद्ध करण्याची जबाबदारी बचाव घेणाऱ्यावर, म्हणजे कंपनीवर आहे. तुमच्या प्रकरणात सगळ्यात मोठं बळ या एका वाक्यात आहे.

कंपनी काय दाखवेल याचा अंदाज बांधता येतो. कांद्याच्या बाबतीत बहुतेक सगळे जण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बगदादच्या एका अभ्यासाकडे बोट दाखवतात. तो अभ्यास खरा आहे. चाई पडलेल्या, म्हणजे गोल चट्ट्यांत केस गेलेल्या रुग्णांना कांद्याचा कच्चा रस दिवसातून दोनदा, दोन महिने लावला. सहा आठवड्यांनी २३ पैकी २० जणांच्या चट्ट्यांत केस आले. नुसतं नळाचं पाणी लावलेल्या १५ पैकी दोघांचेही आले. आता हे तुमच्या बाटलीशी ताडून पाहा. तिथे ताजा रस होता, तुमच्याकडे तेल आहे, आणि त्यात कांद्याचा अर्क किती हे लेबलवर बहुधा लिहिलेलंही नसतं. तिथे आजार चाईचा होता, तुमचे केस आजारपणानंतर सगळ्या डोक्यावरून विरळ झालेत. चाईवर रस चालला म्हणून डेंग्यूनंतरच्या गळतीवर तेल चालेल असं त्यातून निघत नाही. त्या पाणीवाल्या दोघांकडेही लक्ष द्या. काहीही न लावता केस परत येणारे लोक असतात, म्हणून तुलनेचा गट नसलेली चाचणी ‘योग्य चाचणी’ ठरू नये, असा युक्तिवाद तुम्हाला करता येतो.

तुमच्या बाबतीत हे जास्तच लागू पडतं. मोठ्या तापानंतर केस लगेच जात नाहीत, दोन-तीन महिन्यांनी जातात. ही गळती बहुतेकांची साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि पुढे हळूहळू केस भरतात. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे भांग भरायला त्यानंतरही कित्येक महिने जातात. तापातून उठलेली बाई तेल लावते, केस आपोआप येतात आणि तिचा फोटो जाहिरातीत ‘आधी आणि नंतर’ म्हणून झळकतो. कंपनीने असे अभिप्राय पुरावा म्हणून आणले तर त्या बायांचे केस कशाने गेले होते, हे आयोगासमोर जरूर विचारा.

सीरमचं काय? तुम्ही त्याचं लेबल पाठवलेलं नाही, म्हणून दोन्ही शक्यता सांगतो. बाजारातल्या बऱ्याच सीरममध्ये रेडेन्सिल, प्रोकॅपिल अशी घटकद्रव्यं असतात. त्यांच्यावरचे अभ्यास लहान आहेत आणि बरेचसे ती द्रव्यं बनवणाऱ्यांनीच केलेले आहेत. रोजमेरी तेलाचा २०१५ चा इराणमधला अभ्यास पुष्कळ सांगितला जातो. शंभर पुरुषांत रोजमेरी आणि दोन टक्के मिनॉक्सिडिल या केस वाढवण्याच्या औषधाची तुलना केली, तेव्हा तीन महिन्यांनी दोन्ही गटांतल्या केसांत सुरुवातीपेक्षा लक्षणीय वाढ नव्हती. ती सहा महिन्यांनी दिसली. काहीच न लावणारा तिसरा गट त्यात नव्हता. भक्कम पुरावा आहे तो मिनॉक्सिडिलचा, आणि तोही मुख्यतः आनुवंशिक विरळपणासाठी. त्यालाही फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि लावणं बंद केलं की मिळालेले केस तीन-चार महिन्यांत जातात. ज्या औषधाच्या चाचण्या सगळ्यात जास्त झाल्या, त्याच्या नावानेही कोणी जबाबदार डॉक्टर ९० दिवसांची हमी देत नाही. एवढं एक वाक्य तक्रारीत घाला.

आता तो व्हॉट्सॲप मेसेज. तो अजिबात डिलीट करू नका. सुरुवातीला गळती वाढणं ही मिनॉक्सिडिलची ओळखीची गोष्ट आहे, पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत होते. कांद्याच्या तेलाने असं होतं याला आधार नाही. त्यामुळे कंपनीला लेखी विचारा : या सीरममध्ये मिनॉक्सिडिल आहे का? ‘आहे’ म्हणाले तर ते औषध आहे, कॉस्मेटिक म्हणून विकताच येत नाही, आणि प्रकरण अन्न व औषध प्रशासनाकडे जातं. ‘नाही’ म्हणाले तर त्यांच्या माणसाने दुसऱ्याच औषधाचा परिणाम सांगून तुम्हाला बाटली वापरायला लावली, हे त्यांच्याच उत्तरावरून दिसतं. मात्र ‘भेसळ आहे’ असा आरोप तुमच्या तक्रारीत करू नका. त्याला प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, सीलबंद नमुना लागतो, आणि तीन महिन्यांत निकाल द्यायची कायद्यातली अपेक्षा पाच महिन्यांवर जाते. तुम्हाला त्याची गरज नाही.

एक दावा मात्र मी तुम्हाला सोडून द्यायला सांगेन. जाहिरातीत ‘केसगळती कमी’ असंही असेल, तर त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘तुटण्यामुळे होणारी’ असं आहे का पाहा. तेलाने केस मऊ राहतात, विंचरताना कमी तुटतात, हे खरं आहे. खोबरेल तेलाबद्दल तर त्याचा अभ्यासही आहे. तिथे कंपनी जिंकेल. नवे केस, ९० दिवस आणि पैसे परत, एवढ्यावरच ठाम राहा.

फोटोंच्या आणि आहाराच्या अटींबद्दल एकच गोष्ट पाहायची : तुम्ही पैसे भरलेत त्या दिवशी त्या अटी तुम्हाला दिसत होत्या का? नंतर घातलेली अट तुम्हाला बांधत नाही. दिसत होत्या पण तळाशी चिमुकल्या अक्षरांत, तर जून २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा. खुलाशाची भाषा आणि अक्षरं मूळ दाव्यासारखीच हवीत, आणि मोठ्या दाव्यातली दिशाभूल तळटीप देऊन धुवून काढता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणून आजच जाहिरातीचे, उत्पादनाच्या पानाचे आणि परतीच्या अटींचे स्क्रीनशॉट तारखेसह घ्या. ऑर्डरचा ईमेल, बिल, बँकेची नोंद आणि बॅच नंबर दिसणाऱ्या बाटल्या ठेवून द्या. स्क्रीनशॉट आणि चॅटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा, म्हणजे त्यावर वाद राहत नाही.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. नाव वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. मजकूर लांबवू नका. असा पुरे : ‘दि. … ऑगस्ट २०२५ च्या ऑर्डरपोटी मी ५,३९७ रुपये भरले. ९० दिवसांत नवे केस येतील, अन्यथा पूर्ण रक्कम परत, ही आपली लेखी हमी होती. ती ज्या चाचणीवर आधारित आहे तिचा अहवाल, त्यातील सहभागींची संख्या, केसगळतीचा प्रकार आणि तुलनेच्या गटाचा तपशील द्यावा. सीरममध्ये मिनॉक्सिडिल आहे किंवा नाही हे कळवावे. अन्यथा रक्कम १५ दिवसांत परत करावी.’ अशा वेळी पुष्कळ कंपन्या अहवाल देण्याऐवजी पैसे देतात. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून क्रमांक घ्या.

पैसे आले नाहीत तर ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. परताव्यासोबत मनस्तापाची भरपाई, खर्च आणि ती जाहिरात थांबवण्याचा आदेश मागा. भरपाई लाखांत मिळेल अशी आशा धरू नका. त्रिशूरच्या जिल्हा आयोगाने २०२० मध्ये केस वाढवणाऱ्या एका क्रीमच्या प्रकरणात कंपनीला आणि जाहिरात करणाऱ्या अभिनेत्याला प्रत्येकी १०,००० रुपये भरायला लावले होते. खरेदी होती ३७६ रुपयांची, आणि अभिनेत्याने आपण ते क्रीम वापरलं नसल्याचं कबूल केलं होतं. तुमच्या किटची जाहिरात करणाऱ्या इन्फ्लुएन्सरला पक्षकार करायचा मोह होईल. तुम्ही नेमका कोणता व्हिडिओ पाहून खरेदी केली हे दाखवता येत नसेल तर नका करू, नोटिसा बजावण्यातच महिने जातील.

या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तापानंतर आठ महिने होत आले आणि भांग अजून रुंद आहे, तर लोह, थायरॉइड किंवा आनुवंशिक विरळपणा तपासायला हवा. आनुवंशिक विरळपणा असेल तर उपचाराला उशीर झालेला बरा नाही. डॉक्टरांकडून निदान तारखेसह लिहून घ्या. कंपनीचा ‘केस कशाने गळत होते’ हा प्रश्न आलाच तर उत्तराला तोच कागद लागेल. आणि मुदत दोन वर्षांची आहे. ती नकाराच्या तारखेपासून मोजावी असं म्हणता येतं, पण त्या वादात न पडता ऑगस्ट २०२७ च्या आत तक्रार दाखल झालेली असू द्या.