‘आजोबा झोपलेत’ असं लेकराला सांगू नका

प्रश्न: सासूबाईंना कॅन्सर आहे, डॉक्टरांनी आता घरी न्यायला सांगितलंय. सहा वर्षांची मुलगी सारखी विचारते, आजी कधी बरी होणार? ‘होईल लवकर’ असंच सांगत राहू का?

उत्तर: नाही. आणि पुढे ‘आजी झोपली’ असं तर चुकूनही सांगू नका.

माझे सासरे पहाटे हार्ट अटॅकने गेले तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. तो उठून बाहेर आला, तर थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "आजोबा झोपलेत, आवाज करू नकोस." लगेच त्याला शेजारी पाठवलं, पण तिरडी बांधताना त्याने खिडकीतून पाहिलंच. मग पोरगा रात्री झोपेना. दुपारी माझा डोळा लागला की हलवून उठवायचा. जाऊबाई म्हणाल्या, हट्टी झालाय. हट्टी कसला? झोपलेल्या माणसाला लोक बांधून घेऊन जातात, एवढंच त्याला कळलं होतं.

दहाव्याच्या आदल्या रात्री मी सरळ सांगितलं, आजोबांचं हृदय बंद पडलं, ते मेले. मेल्यावर श्वास थांबतो, भूक लागत नाही, दुखत नाही आणि माणूस परत येत नाही. झोपेत मात्र हृदय चालूच असतं. त्याचा हात माझ्या छातीवर ठेवून ते दाखवलं. बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "मी त्यांचा चष्मा लपवला होता, म्हणून?" आपल्या खोडीने किंवा रागाने माणूस मरतो असं या वयात मुलांना खरंच वाटतं. मी नाही म्हटलं, तरी पुढे तेच प्रश्न तो पुन्हापुन्हा विचारायचा आणि मी तीच उत्तरं द्यायचे. परत न येणं त्यांना एका बैठकीत उमगत नाही.

तुमच्या मुलीला आजाराचं नाव सांगा. नुसतं ‘आजी आजारी आहे’ म्हटलंत तर उद्या तिला ताप आला की ती स्वतःसाठी घाबरेल. हा आजार सर्दीसारखा नाही, आजीजवळ बसून लागत नाही, तुझ्यामुळे झाला नाही, आणि औषधांनी आता तो बरा होत नाहीये. ती विचारेल तेवढंच सांगा.

जाऊबाई अजून मला ऐकवतात, "देवाघरी गेले म्हणायला काय जात होतं?" श्रद्धा असेल तर जरूर म्हणा, पण शरीर थांबल्याचं सांगून झाल्यावर. नाहीतर मूल देवाघरून परत कधी येणार ते विचारत बसतं.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला यातलं फारसं कळणार नाही, हे खरं. आणि सांगूनही कित्येक आठवडे झोप, जेवण बिघडलेलंच राहिलं तर बालमानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. शेवटचं दर्शन घ्यायचंय का, हे तिलाच विचारा. काय दिसेल ते आधी सांगा, आणि नको म्हणाली तर कुणालाही तिला ओढू देऊ नका.