बिघडलेल्या मशीनच्या रिपोर्टमध्ये आधीच्या तपासण्यांचा इतिहास कसा लिहावा?

प्रश्न: कूलिंग वॉटर पंपाच्या ३० किलोवॉट मोटरचं ड्राइव्ह साइडचं बेअरिंग जाम झालं. रिपोर्टमध्ये मी "मोटरची देखभाल नियमित केली जाते" असं लिहिलं, तर साहेबांनी रिपोर्ट परत पाठवला. मागच्या तपासण्या कुठपासून, कुठून काढून आणि कशा लिहायच्या?

उत्तर:

सुरुवात मोटर बसवल्यापासून करायची गरज नाही. जो भाग गेला तो शेवटचा नवा कधी बसला, तिथून सुरू करा. त्याआधीचं बेअरिंगही अकाली गेलं असेल तर त्यावर एक ओळ पुरते. मात्र बेअरिंग बसवल्यापासून मोटर जाम होईपर्यंतच्या काळात मोटरला कुणी हात लावला, काय मोजलं आणि काय मोजायचं राहिलं, ते सगळं यायला हवं.

प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असाव्यात: तारीख, त्या दिवशीचे रनिंग अवर्स, नेमकं काय केलं किंवा मोजलं (आकड्यासह), आणि ही माहिती कोणत्या कागदावरून घेतली. अवर्स सहसा विसरले जातात. पंप स्टँडबायसोबत आलटून पालटून चालत असेल तर सहा महिने म्हणजे चार हजार तासही असतील आणि दोन हजारही. अवर मीटर नसेल तर ऑपरेटरच्या शिफ्ट लॉगमधून काढा आणि आकड्यापुढे "अंदाजे" लिहा.

तुमच्या मोटरला ६३१२ बेअरिंग आहे असं धरून इतिहास कसा दिसेल ते दाखवतो. तारखा आणि आकडे नमुन्याचे आहेत.

१२/०३/२०२३, १८,२४० तास: ड्राइव्ह साइडला नवीन ६३१२ सी३ बसवलं. जॉब कार्ड, स्टोअर स्लिप.
०५/०९/२०२३, २१,३०० तास: "ग्रीसिंग केलं". प्रमाण व ग्रेड नोंदलेला नाही. ल्युब्रिकेशन रजिस्टर.
मे २०२४ अखेर, सुमारे २५,३०० तास: ४,००० तासांचं ग्रीसिंग देय. केल्याची नोंद सापडली नाही. रजिस्टर आणि स्टोअर स्लिप दोन्ही पाहिल्या.
१०/०६/२०२४, २५,६०० तास: व्हायब्रेशन, ड्राइव्ह साइड आडवं, १.९ मिमी/सेकंद. मासिक शीट.
०८/०७/२०२४, २६,१५० तास: त्याच जागी ३.४ मिमी/सेकंद, शेरा "लक्ष ठेवा". मासिक शीट.
१२/०८/२०२४: मासिक फेरी देय. नोंद सापडली नाही.
१४/०८/२०२४, २६,९०० तास: मोटर जाम.

एवढ्यावरून वाचणाऱ्याला बरंच कळतं. बेअरिंग ८,६६० तास चाललं. शेवटच्या नोंदलेल्या ग्रीसिंगनंतर ते ५,६०० तास, म्हणजे ठरलेल्या मुदतीपेक्षा १,६०० तास जास्त चाललं. आणि जुलैतच व्हायब्रेशन २.८ च्या वर गेलं होतं. पक्क्या पायावरच्या या आकाराच्या मोटरसाठी आयएसओच्या तक्त्यात २.८ ही "बरं" आणि "फार काळ असं चालवू नका" यांच्यातली रेघ आहे. "नियमित देखभाल" या दोन शब्दांखाली हे सगळं झाकलं गेलं होतं.

"नोंद सापडली नाही" आणि "केलं नाही" यांत मोठा फरक आहे, तो जपा. फिटरने ग्रीस मारलं असेल आणि लिहायचं राहिलं असेल. त्याला विचारा आणि त्याचं म्हणणं "तोंडी माहिती" म्हणून वेगळ्या ओळीत घ्या. पण रजिस्टरमध्ये आज मागची नोंद भरू देऊ नका. बिघाड झाला त्याच दिवशी संबंधित पानांचे फोटो काढून ठेवावेत, म्हणजे पुढे वाद होत नाही.

उलट बाजूही बघा: केल्याची नोंद आहे म्हणजे काम झालंच असं नाही. अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ विमान ३१ जानेवारी २००० ला समुद्रात कोसळलं आणि ८८ जण गेले. शेपटीतल्या जॅकस्क्रूच्या नटचे आटे झिजून निघाले होते. सप्टेंबर १९९९ मध्ये ग्रीसिंग केल्याची नोंद होती, पण स्क्रूच्या कामाच्या भागावर नीट ग्रीस लागल्याची खूण तपासनिसांना मिळाली नाही. सप्टेंबर १९९७ मध्ये नटची ढिलाई आधी ०.०४० इंच भरली होती, म्हणजे बरोबर मर्यादेवर. नट बदलायचं ठरलं. मग पुन्हा मोजल्यावर ०.०३३ आलं आणि विमान त्याच नटवर सेवेत परतलं. दोन्ही मोजमापं कागदावर असल्यामुळे ही गोष्ट पुढे आली. तुमच्याकडेही पहिलं रीडिंग जास्त येऊन दुसरं कमी आलं असेल तर दोन्ही द्या. आवडतं तेवढंच निवडू नका.

नोंद खरी वाटते का हे पडताळायला दुसरा कागद लागतो. ६३१२ ला एका वेळी साधारण २० ग्रॅम ग्रीस लागतं. हिशोब सोपा आहे: बाहेरचा व्यास १३० गुणिले रुंदी ३१ गुणिले ०.००५. ग्रीस गनचा एक स्ट्रोक किती ग्रॅमचा, ते दहा स्ट्रोक काट्यावर मारून बघा, कारण प्रत्येक गन वेगळी असते. मग रजिस्टरमध्ये दाखवलेल्या ग्रीसिंगला लागणारं ग्रीस स्टोअरमधून निघालं होतं का, ते जुळवा. सलग बारा महिने व्हायब्रेशन २.१ च असेल, सगळ्या सह्या एकाच शाईत असतील किंवा प्लांट बंद असलेल्या तारखेला चालत्या मोटरचं रीडिंग असेल, तर रिपोर्टमध्ये तसं सरळ लिहा. आरोप करू नका, विसंगती दाखवा. सॅपमधून IW39 ने ऑर्डर काढत असाल तर ऑर्डर बंद केल्याची तारीख कामाची तारीख म्हणून उतरवू नका. बऱ्याच ठिकाणी महिनाअखेरीला सगळ्या ऑर्डर एकदम बंद होतात.

आणखी एक गोष्ट रिपोर्टमध्ये क्वचितच असते: त्या तपासणीला काय दिसू शकतं. मिमी/सेकंदातलं एकूण व्हायब्रेशन बेअरिंगमधला सुरुवातीचा दोष सहसा पकडत नाही. ते वाढतं तेव्हा खराबी बरीच पुढे गेलेली असते. त्यामुळे १० जूनचं १.९ म्हणजे "बेअरिंग ठीक होतं" असा दाखला नाही. "या पद्धतीने १० जूनला दोष दिसला नाही" इतकंच लिहा.

शेवटी, इतिहासावरून कारण ठरवू नका. इतिहास आणि उघडलेलं बेअरिंग शेजारी शेजारी ठेवा. मुदत चुकली होती आणि आत ग्रीस कोरडं, काळं, कडक निघालं, तर दोन्ही पुरावे एकाच दिशेला जातात. आत ग्रीस भरपूर पण पातळ होऊन बाहेर वाहिलेलं असेल, तर आधीच्या लिथियम ग्रीसवर कुणी पॉलियुरिया ग्रीस मारलं का ते शोधा. या दोन्हींची बहुतेक वेळा मिसळण होत नाही. तेव्हा सप्टेंबर २०२३ च्या नोंदीतला न लिहिलेला ग्रेडच तपासाचा पुढचा प्रश्न होतो, आणि त्याचं उत्तर त्या महिन्याच्या स्टोअर स्लिपमध्ये मिळेल.