दातावरच्या थरात आम्ल कसे तयार होते आणि कीड नेमकी कुठून सुरू होते

प्रश्न: चहा सोडला तर मी गोड फारसे खात नाही आणि रोज दोन वेळा दात घासतो. तरीही वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरे डाग आले आहेत आणि डॉक्टर म्हणतात की कीड लागायला सुरुवात झाली. असे कसे होते?

मी सोलापुरात गेली काही वर्षे दंतवैद्यक करतो. तुमच्यासारखे डाग मला दर आठवड्याला दिसतात आणि त्यांचे उत्तर बहुतेक वेळा तुम्ही स्वतःच "चहा सोडला तर" या तीन शब्दांत देऊन टाकलेले असते. तुम्ही दिवसभरात किती साखर खाता, यापेक्षा ती किती वेळा तोंडात जाते याला इथे जास्त महत्त्व आहे. याचे कारण समजण्यासाठी दातावरच्या थरात शिरूनच पाहावे लागते.

दात अगदी स्वच्छ घासल्यानंतर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा एक अत्यंत पातळ पापुद्रा त्याच्यावर चढतो. हा पापुद्रा निरुपद्रवी, किंबहुना उपयोगी असतो. पण तोंडातील काही जिवाणूंना तो चिकटायला जागा देतो. पहिल्या काही तासांत येतात ते मुख्यतः स्ट्रेप्टोकोकस गटातील, म्हणजे माळेसारखे दिसणारे गोल जिवाणू. त्यांच्या अंगाला दुसरे चिकटतात, त्या दुसऱ्यांना तिसरे, आणि एक-दोन दिवसांत असा थरांचा पदार्थ तयार होतो की ज्याच्या पृष्ठभागावर प्राणवायू आहे, पण दाताला टेकलेल्या तळाशी जवळजवळ नाही. या मऊ, पांढुरक्या, नखाने खरवडल्यास निघणाऱ्या थरालाच प्लाक म्हणतात. आपल्याकडे ज्याला कीटण म्हणतात ते बहुधा त्यावर क्षार बसून घट्ट झालेले रूप असते, आणि ते ब्रशने निघत नाही.

प्लाक म्हणजे नुसता जिवाणूंचा ढीग नव्हे. जिवाणूंच्या मधल्या जागेत त्यांनी स्वतः तयार केलेला चिकट लगदा असतो. यासाठी त्यांना सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे आपली रोजची साखर, सुक्रोज. स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हा जिवाणू सुक्रोजचा रेणू तोडतो आणि त्यातील ग्लुकोजचे तुकडे एकमेकांना जोडून पाण्यात न विरघळणारी चिकट साखळी विणतो. हे काम त्याची विकरे पेशीच्या बाहेरच करतात. ग्लुकोज किंवा फ्रुक्टोजपासून आम्ल होते, पण या साखळ्या होत नाहीत. दातांच्या बाबतीत सुक्रोज इतर साखरांहून अधिक वाईट ठरते ते याचमुळे.

आता साखरेचा घोट तोंडात गेला की काय होते ते पाहू. साखरेचे रेणू लहान असल्याने ते थरात सहज झिरपतात आणि तळापर्यंत पोहोचतात. तिथे प्राणवायू नसल्याने जिवाणू साखर आंबवतात आणि तीतून मुख्यतः लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. हे आम्ल तिथल्या तिथेच, दाताच्या बाहेरच्या कठीण कवचाला, म्हणजे एनॅमलला लागून तयार होते. लाळेमध्ये आम्ल शमवण्याची ताकद असते, पण ती ताकद बाहेरून आत हळूहळू पोहोचते. थर जितका जाड, तितकी ही वाट लांब. म्हणूनच तोंडातील लाळेची परीक्षा केली तर ती जवळपास उदासीन निघते आणि त्याच क्षणी त्याच तोंडात दातालगतचा थर आम्लाने भरलेला असू शकतो.

१९४०च्या दशकात अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन यांनी प्लाकचा पीएच थेट दातावर मोजला. पीएच हे आम्लतेचे माप: सात म्हणजे उदासीन, आणि आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त. ग्लुकोजच्या द्रावणाची चूळ भरल्यावर तो अवघ्या काही मिनिटांत सातच्या आसपासवरून पाच किंवा त्याखाली उतरला आणि मूळ ठिकाणी परत यायला अर्ध्या तासापासून एका तासापर्यंत वेळ लागला. पीएच सातचा पाच होणे म्हणजे आम्लता शंभरपट होणे, हे इथे लक्षात घ्यावे. उतार तडकाफडकी आणि चढ सावकाश, असा त्याचा आलेख निघतो आणि आम्ही दंतवैद्य त्याला स्टीफनचा वक्र म्हणतो.

या उताराला एक रेषा आडवी जाते. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की थरातील पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि फॉस्फेट एनॅमलला टिकवून ठेवायला अपुरे पडतात आणि एनॅमलमधील खनिज विरघळून बाहेर येऊ लागते. पीएच पुन्हा वर गेला की उलट प्रक्रिया सुरू होते आणि लाळेतील कॅल्शियम-फॉस्फेट परत दातात बसू लागते. प्रत्येकाच्या तोंडात हा व्यवहार रोज दोन्ही दिशांनी चालू असतो. खनिज जाण्याचा वेळ येण्याच्या वेळेहून वाढला, आणि असे आठवडेच्या आठवडे चालले, तरच कीड सुरू होते. हिरडी मागे सरकून मूळ उघडे पडले असेल तर तिथे ही रेषा ५.५ ऐवजी सहाच्याही वर असते, म्हणून वयस्कर माणसांच्या दातांच्या मुळांना कीड फार लवकर लागते.

एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. ओळख कळू नये म्हणून काही तपशील वगळले आहेत. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला टॉवेलच्या लूमवर बारा तासांची रात्रपाळी करणारा विशीतला एक तरुण माझ्याकडे आला. मिठाई तो खात नव्हता, दात दोन वेळा घासत होता, पण उजव्या बाजूच्या वरच्या दाढांवर, गालाकडच्या अंगाला हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे उमटले होते. डाव्या बाजूला जवळपास काहीच नव्हते. एकाच बाजूला का, हे विचारत गेल्यावर उलगडा झाला. कारखान्यातील धाग्यांच्या धुळीने घसा कोरडा पडतो म्हणून तो रात्रभर लिमलेटच्या गोळ्या उजव्या गालात धरून ठेवत असे, अंदाजे आठ, आणि शिवाय झोप येऊ नये म्हणून पाच वेळा गोड चहा घेत असे.

हिशेब असा मांडून पाहा. एक गोळी विरघळायला दहा-पंधरा मिनिटे जातात आणि ती संपल्यानंतरही पीएच रेषेच्या वर यायला आणखी वीस-तीस मिनिटे लागतात. म्हणजे एका गोळीमागे ढोबळमानाने चाळीस मिनिटांचे आम्ल. आठ गोळ्या वेगवेगळ्या वेळी धरल्या की पाच तासांहून अधिक झाले, आणि चहाचे पाच प्रसंग धरले तर बारा तासांच्या पाळीचा बराचसा भाग त्या बाजूच्या दाढा रेषेच्या खालीच राहिल्या. त्याच आठ गोळ्या त्याने जेवणानंतर सलग खाऊन संपवल्या असत्या तर साखर तेवढीच गेली असती, पण अशी लांब घसरण एकदाच झाली असती. (प्रत्येकाची लाळ आणि थराची जाडी वेगळी असल्याने हे आकडे मोजलेले नाहीत, अंदाज आहेत.) त्यात धूळ आणि तोंडाने घेतलेला श्वास यांमुळे तोंड कोरडे, म्हणजे आम्ल धुऊन काढणारी लाळच कमी.

सततच्या आम्लाचा आणखी एक परिणाम होतो, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. पहिल्यांदा येणाऱ्या जिवाणूंपैकी अनेकांना इतके आम्ल सोसत नाही. म्यूटन्स आणि लॅक्टोबॅसिलस मात्र त्यातही काम करत राहतात. त्यामुळे आम्लाचा प्रत्येक तास त्या थराची वस्तीच बदलतो: आम्ल करणारे वाढतात, आम्ल न सोसणारे हटतात, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच साखरेतून पीएच अधिक खोल जातो व अधिक काळ खाली राहतो. काही जिवाणू तर साखर भरपूर असताना ती पेशीत साठवून ठेवतात आणि बाहेरची संपल्यावर साठ्यातून आम्ल करत राहतात. म्हणून रोग बाहेरून आलेल्या एखाद्या जंतूने होतो असे मानण्यापेक्षा, आपल्याच तोंडातील वस्तीचा तोल गेल्याने होतो असे म्हणणे अधिक बरोबर आहे.

तुमचे डाग पांढरे का दिसतात, तेही सांगतो. आम्ल एनॅमलच्या सूक्ष्म छिद्रांतून आत जाते आणि खनिज पृष्ठभागाच्या खालून जास्त निघते. एनॅमलचा वरचा पातळ पापुद्रा बराच काळ शाबूत राहतो. आतील रिकाम्या जागांवर प्रकाश विखुरतो आणि त्या जागी पांढरट दिसते. त्या जागांत पाणी असताना फरक कमी जाणवतो, हवा भरली की ठळक होतो. त्यामुळे आम्ही दात हवेने पाच-दहा सेकंद सुकवून पाहतो: सुकवल्यावरच दिसणारा डाग उथळ, आणि ओल्या दातावरही दिसणारा डाग जास्त खोल गेलेला. डाग खडूसारखा निस्तेज व खरखरीत असेल तर कीड चालू आहे. गुळगुळीत आणि चकचकीत झाला असेल, मग थोडा तपकिरी का होईना, तर ती थांबली आहे. पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे येणारे डागही पांढरे असतात, पण ते बहुधा दोन्ही बाजूंच्या त्याच दातांवर सारखे असतात आणि हिरडीच्या कडेला धरून नसतात. या अवस्थेत कुणालाही टोकदार सुई डागात खुपसू देऊ नका, कारण वरचा पापुद्रा मोडला की तिथे खड्डा होतो आणि तो आपोआप भरत नाही.

वरच्या पुढच्या दातांच्या बाहेरील बाजूला लाळेचा पापुद्रा पातळ असतो आणि फार हळू सरकतो, तर खालच्या पुढच्या दातांमागे जिभेखालच्या ग्रंथींची लाळ सतत वाहते. तुमच्या वरच्याच दातांवर डाग येण्याचे हे एक कारण असावे. दुसरे कारण ब्रश हिरडीच्या कडेपर्यंत न पोहोचणे. डॉक्टरांकडे रंग लावून पाहायला सांगा. नवा थर गुलाबी आणि जुना थर निळा रंगवणारी द्रावणे मिळतात. त्या तरुणाच्या दातांवर हिरडीच्या कडेला निळी रेघ निघाली, म्हणजे तो थर रोज घासूनही निघत नव्हता.

पांढरा डाग मागे फिरू शकतो. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी २३ दिवस दात घासले नाहीत आणि काहींनी रोज नऊ वेळा साखरेच्या द्रावणाने चूळ भरली. तेवढ्यात एनॅमलवर सुरुवातीचे बदल दिसले, आणि नंतर स्वच्छता व फ्लोराइड सुरू केल्यावर ते ओसरले. फ्लोराइड परत बसणाऱ्या खनिजात मिसळते आणि ते खनिज पूर्वीपेक्षा अधिक आम्ल सोसते. पेस्टवर १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइड लिहिलेले असावे, आणि घासल्यावर भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत, नुसते थुंकावे.

तुम्ही चहा किती वेळा घेता आणि एक कप किती वेळ पुरवता, ते आठवडाभर लिहून ठेवा. साखरेचा चहा जेवण-नाश्त्यासोबत घ्या आणि मधल्या वेळेत बिनसाखरेचा किंवा नुसते पाणी. त्या तरुणाने गोळ्या सोडून पाण्याची बाटली आणि पुडीत भाजलेले शेंगदाणे ठेवले. शेंगदाण्यात साखर कमी असते आणि ते चावताना लाळ सुटते. झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने हिरडीच्या कडेवर घासायचे आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही घ्यायचे नाही, एवढे त्याने नेटाने केले. चार महिन्यांनी तीन डागांपैकी दोन चकचकीत झाले होते. तिसऱ्याचा पापुद्रा माझ्याकडे येण्याआधीच मोडलेला होता आणि ती दाढ मला भरावी लागली.