नाकाच्या पडद्याचे ऑपरेशन: सहीपूर्वी काय कळायला हवे

प्रश्न: नाकाचे हाड वाकडे आहे म्हणून ऑपरेशन सांगितले आहे. संमतीपत्रावर सही करण्याआधी सर्जनने काय समजावून सांगायला हवे?

नाकाचे हाड वाकडे म्हणजे दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा. तो सरळ केल्याने श्वास मोकळा होतो, मात्र ॲलर्जीच्या शिंका आणि सर्दी त्याने जात नाहीत, हे आधी स्पष्ट व्हावे. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांखेरीज पडद्यात रक्त साकळण्याचा धोका असतो. ते वेळीच काढले नाही, तर पडद्यातली कूर्चा, म्हणजे मऊ लवचीक हाड, मरून पडद्याला भोक पडू शकते किंवा नाक वरून खचू शकते. म्हणून घरी गेल्यावर दोन्ही नाकपुड्या गच्च होऊन ठणका वाढला, तर त्याच दिवशी दाखवावे. वरच्या पुढच्या दातांना काही काळ बधिरपणा येऊ शकतो, आणि नेमके हेच सांगायचे राहून जाते. पर्याय म्हणून स्टेरॉइडचा फवारा काही आठवडे नियमित वापरून पाहता येतो. त्याने वाकडेपणा जात नसला, तरी सूज उतरते. त्रास फारसा नसेल, तर ऑपरेशन न करणे हाही पर्यायच आहे.