जहाजावरची नोकरी स्थळाच्या माहितीत कशी लिहावी?

‘मी कोल्हापूरचा, मर्चंट नेव्हीत आहे. महिनोन्‌महिने घरी नसतो, हे विवाहस्थळाच्या प्रोफाइलमध्ये प्रामाणिकपणे कसे लिहू?’

नोकरीच्या रकान्यातच महिन्यांचा हिशेब लिहा: ‘थर्ड इंजिनिअर, तेलवाहू जहाज, 6 महिने जहाजावर, मग साधारण 3 महिने कोल्हापुरात, बदली माणूस वेळेवर न आल्यास परतणे लांबते.’ मी स्वतः जहाजावर असतो. नुसते ‘मर्चंट नेव्ही’ लिहिले होते तेव्हा, राजारामपुरीतल्या एका घरी मुलीने ‘गणपतीला घरी असता का?’ असे विचारले आणि बोलणी तिथेच थांबली. करारावर असाल तर रजेत बहुधा पगार नसतो, म्हणून मासिक आकड्याला 12 ने गुणून वार्षिक उत्पन्न लिहू नका, जहाजावरचे महिनेच धरा. समुद्रातल्या तेलविहिरीच्या रिगवर 14 दिवस काम आणि 14 दिवस घर अशी पाळी असल्यास मात्र तेवढेच स्पष्ट लिहावे, कारण ते आयुष्य अगदी वेगळे असते.