बूटलोडर उघडला की चावी बदलते

प्रश्न: बूटलोडर अनलॉक केला आणि सगळे फोटो गेले. सिस्टिम तर मी अजून बदललीही नव्हती, मग पुसायची गरज काय होती? रिकव्हरी सॉफ्टवेअरने काही परत मिळेल का?

मिळणार नाही. का नाही, हे नीट समजून घ्या, कारण पुढच्या प्रश्नांची उत्तरंही त्यातच आहेत.

आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये तुमच्या फाइल्स एन्क्रिप्ट करूनच साठवल्या जातात. त्या उघडणाऱ्या चाव्या मात्र फाइल्सशेजारी उघड्या पडलेल्या नसतात. प्रोसेसरमध्ये एक सुरक्षित कप्पा असतो, तिथे खुद्द अँड्रॉइडलाही डोकावता येत नाही. चाव्यांचा ताबा त्याच्याकडे. फोन सुरू होताना सिस्टिमच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर, तो या कप्प्याला दोन गोष्टी सांगतो: मी लॉक आहे की अनलॉक, आणि आत्ता चालू होणारी सिस्टिम कोणाच्या सहीची आहे. तुमच्या डेटाच्या चाव्या या दोन उत्तरांना बांधलेल्या असतात. नवा फोन म्हणतो, ‘लॉक आहे, कंपनीची सही आहे’. अनलॉक केल्यावर तो म्हणतो, ‘अनलॉक आहे, सही कोणाची का असेना’. उत्तर बदललं की जुन्या चाव्या चालत नाहीत.

म्हणजे बूटलोडर डेटा पुसतो तो केवळ नियम म्हणून नव्हे. समजा त्याने तो तसाच ठेवला असता, तरी नव्या अवस्थेत तो उघडला नसता. चिपवर काही अवशेष उरले असतील आणि एखाद्या सॉफ्टवेअरने ते उचललेही, तरी हाती येईल तो अर्थहीन बाइट्सचा ढीग. ही सोय नसती, तर चोराने तुमचा फोन अनलॉक केला असता, आपली सिस्टिम बसवली असती आणि पिनच्या आड नसलेला डेटा वाचत बसला असता. ‘OEM unlocking’ हा पर्याय सेटिंग्जमध्ये ठेवलाय तोही याचसाठी: स्क्रीनलॉक उघडता येणाऱ्यालाच तो सापडावा.

बॅकअप घ्यायचा तो अनलॉक करण्याआधी, आणि फोनच्या बाहेर. मेमरी कार्ड फोनचीच वाढीव मेमरी म्हणून जोडलं असेल, तर तेही ‘बाहेर’ धरू नका. त्याची चावी फोनमध्येच असते, आणि ती फोनसोबत पुसली जाते.

प्रश्न: कस्टम रॉम टाकून वर्ष झालं, बूटलोडर अनलॉकच आहे. फोन चोरीला गेला तर डेटा सरळ वाचता येईल का? मित्र म्हणतात की पिन आहे, घाबरू नको.

मित्रांचं निम्मं बरोबर आहे.

फोटो, मेसेज, अ‍ॅप्सचा डेटा हे सगळं ज्या भागात असतं, त्याची चावी पिन टाकल्याशिवाय तयार होत नाही. पिन चुकला की थांबायला लावण्याचं कामही सुरक्षित कप्प्याकडून होतं, त्यामुळे चोराने कुठलीही रिकव्हरी, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळी सुरू होणारी छोटी सिस्टिम, बसवली तरी तिला भराभर पिन टाकून बघता येत नाहीत. म्हणूनच कस्टम रिकव्हरी डेटा उघडण्याआधी तुमचा पिन मागते. पिन ठेवलाच नसेल तर मात्र हा सगळा डोलारा पोकळ आहे.

दुसरा एक छोटा भाग पिनशिवायच उघडतो. रीस्टार्टनंतर तुम्ही फोन उघडण्याआधीही गजर वाजतो, तो या भागामुळे. लॉक असलेल्या फोनवर कंपनीच्या सहीची सिस्टिमच तो वाचू शकते. अनलॉक फोनवर ‘सही कोणाची का असेना’ हेच उत्तर सगळ्या सिस्टिमसाठी सारखं, त्यामुळे चोराने बसवलेली सिस्टिमही तो भाग वाचते.

पण मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच प्रसंगाची. चोरी झालेला फोन परत येत नाही, म्हणून चोराला पिनही मिळत नाही. याउलट फोन तासभर कोणाच्या हातात राहिला आणि गुपचूप परत आला तर? तेवढ्यात कोणी बूट पार्टिशन बदललं, तर पुढच्या वेळी तुम्ही पिन टाकाल तो त्याच्या सिस्टिममध्ये. सुरू होताना सिस्टिमची सही तपासणारं व्हेरिफाइड बूट हेच थांबवण्यासाठी असतं, आणि अनलॉक फोनवर ते कोणालाच थांबवत नाही. बूटलोडर अनलॉक असल्याचा नारिंगी इशारा तर तुमच्या फोनवर सुरू होताना रोजच येतो, त्यामुळे काही बदललंय हे त्यावरून कळायचंही नाही. फोन असा हातातून गेला असेल, तर पिन टाकण्याआधी सिस्टिम पुन्हा फ्लॅश करा.

प्रश्न: मग कस्टम रॉम ठेवूनच बूटलोडर पुन्हा लॉक केला. आता लाल इशारा येतो आणि फोन सुरूच होत नाही. काय चुकलं?

लॉक करणं चुकलं नाही, लॉक करण्याआधीची तयारी राहिली. `vbmeta` नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये बूट पार्टिशनचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेली खूण, आणि सिस्टिमच्या हॅश-वृक्षाचं मूळ असतं, आणि या सगळ्यावर एक सही असते. लॉक बूटलोडर आधी सही तपासतो, मग हॅश जुळवतो. समजा तुमचं `vbmeta` कंपनीचंच राहिलं आणि बूट पार्टिशन कस्टम रॉमचं. सही पास होते, हॅश जुळत नाही, फोन तिथेच थांबतो. अनलॉक असताना हीच विसंगती वर्षभर होती, फक्त बूटलोडर तिच्याकडे काणाडोळा करत होता.

फास्टबूटमध्ये जाऊन आधी हे विचारा:

```
fastboot flashing get_unlock_ability
```

उत्तर 1 आलं तर पुन्हा अनलॉक करता येईल. डेटा पुन्हा जाईल, पण फोन वाचेल. 0 आलं तर परिस्थिती बिकट आहे, कारण तो पर्याय ज्या सेटिंग्जमध्ये आहे ती सिस्टिमच सुरू होत नाही. रिकव्हरी कंपनीचीच असेल आणि उघडत असेल, तर कंपनीच्या सहीचं पूर्ण अपडेट साइडलोड करून बघा. तेही जमलं नाही तर सर्व्हिस सेंटर.

कस्टम रॉमसह लॉक करायची रीत आहे, पण ती थोड्याच फोनवर चालते, पिक्सेल त्यांतले. रॉम तयार करणाऱ्याने सगळं स्वतःच्या चावीने सही केलेलं हवं आणि त्या चावीचा सार्वजनिक भाग तुम्हाला दिलेला हवा. फोन अनलॉक असताना तो आधी बसवायचा:

```
fastboot flash avb_custom_key pkmd.bin
fastboot flashing lock
```

लॉक करताना डेटा पुन्हा पुसला जातो, कारण सुरक्षित कप्प्याला मिळणारं उत्तर पुन्हा बदललं: ‘लॉक आहे, या नव्या चावीची सही आहे’. यानंतर इशारा पिवळा येतो. त्यात चावीचा ठसा दिसतो, तो एकदा लिहून ठेवा. पुढे तो बदललेला दिसला तर फोनमधली सिस्टिम दुसऱ्याच चावीची आहे. रूट करायचं असेल तर ही वाट धरू नका. बूट पार्टिशनला हात लावून पुन्हा सही केली नाही, की तोच लाल इशारा.

प्रश्न: सगळं नीट चालतंय, फक्त बँकेचं अ‍ॅप उघडत नाही. फोन अनलॉक आहे हे त्याला कळतं कसं? लपवता येईल का?

सुरक्षित कप्पाच सांगतो. अ‍ॅप त्याच्याकडून प्रमाणपत्र मागवू शकतं, आणि त्यावर बूटलोडरची अवस्था हार्डवेअरमधल्या चावीने सही करून लिहिलेली असते. खालची आज्ञा दिल्यावर `orange` उत्तर दिसतं, ते अँड्रॉइडमधलं एक साधं मूल्य आहे, तिथे खोटं सांगता येतं.

```
adb shell getprop ro.boot.verifiedbootstate
```

प्रमाणपत्रावरचा मजकूर तसा बदलता येत नाही. लपवण्याच्या युक्त्या फिरत असतात, पण त्या आज चालतात नि उद्या बंद पडतात, आणि त्यांसाठी बहुधा रूट लागतं. ज्या फोनवर पैशांचे व्यवहार करता, त्यावर मी स्वतः त्या वापरणार नाही. बँकेचं काम ब्राउझरवर किंवा दुसऱ्या, लॉक असलेल्या फोनवर करा.