आम्ल औषध जठरातच शोषलं जातं, असं लिहू नकोस

पीएचचं गणित शिकलं की पहिली चूक ठरलेली: अ‍ॅस्पिरिन दुर्बल आम्ल आहे, म्हणून ते जठरातच शोषलं जाणार. गणित बरोबर, निष्कर्ष चुकीचा.

आकडे मांडून बघ. अ‍ॅस्पिरिनचा पीकेए साधारण 3.5. जठराचा पीएच 1.5 धर. फरक दोनाचा, म्हणजे शंभर रेणू आयनविरहित असतील तेव्हा एक आयनीभूत. मेदाच्या पडद्यातून आयनविरहित रेणूच सहज जातो, त्यामुळे जठर आदर्श वाटतं. लहान आतड्यात पीएच 6.5 धरला तर हजारात जेमतेम एक रेणू आयनविरहित. तरीही बहुतेक औषध आतड्यातूनच रक्तात जातं. कारण आतड्याचं क्षेत्रफळ जठराच्या कितीतरी पट मोठं आहे आणि तो एक रेणू पलीकडे गेला की समतोल साधायला दुसरा लगेच तयार होतो. शिवाय आयनीभूत रूप पाण्यात चांगलं विरघळतं.

विरघळण्याचा हा मुद्दा पुस्तकी उत्तरांत नेहमी राहून जातो. केटोकोनॅझोल हे दुर्बल अल्कली घे. त्याला जठरातलं आम्ल लागतं ते आयनीभूत होऊन विरघळण्यासाठी. शोषण पुढे आतड्यात होतं. रुग्ण ओमेप्रॅझोल घेत असेल तर जठराचा पीएच वाढतो, गोळी नीट विरघळत नाही आणि रक्तातली पातळी घसरते. नुसत्या आयनविरहित टक्केवारीवरून उत्तर काढलंस, तर इथे शोषण वाढेल असं लिहून बसशील. म्हणून आधी विचार: औषध विरघळलं का?